हजार यार्डांवर गोळी उजवीकडे का सरकते?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी हे नेमबाजीचं जुनं मैदान आहे. तिथे हजार यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर नेम धरतात. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 51 सेंटिमीटर असतो. वारा अगदी पडला असला, तरी मधोमध नेम धरलेली 7.62 मिलिमीटरची गोळी त्या वर्तुळाच्या उजव्या कडेबाहेर जाऊ शकते.

पहिलं कारण गोळीची गिरकी. नळीतल्या पीळदार खाचांमुळे ती सेकंदाला अडीच-तीन हजार फेरे घेते. मार्ग खाली वळू लागला की गोळीचं टोक त्याच्या किंचित उजवीकडे राहतं आणि हवा तिला तिकडेच ढकलते. यातून 20 ते 25 सेंटिमीटरचा फरक पडतो. पीळ डावा असेल, तर गोळी डावीकडे जाते.

दुसरं कारण पृथ्वीचं फिरणं. गोळी हवेत असते त्या पावणेदोन सेकंदांत खालची जमीन फिरत असते. त्यामुळे कॅम्प पेरीच्या अक्षांशावर ती आणखी सात-आठ सेंटिमीटर उजवीकडे पडते. दक्षिण गोलार्धात हीच चूक डावीकडे होते.

मात्र रायफल एक अंश उजवीकडे कलली, तरी गोळी जवळपास 18 सेंटिमीटर उजवीकडे जाते. ताशी दीड किलोमीटरची आडवी झुळूकही तिला वीसेक सेंटिमीटर हलवते. म्हणून आधी पाणसळ तपासावी, वारा वाचावा. पृथ्वीचा हिशेब त्यानंतर.