भिंतीतल्या पोर्टला घरचा राऊटर नको

सोमवारी सकाळी आमच्या हिशेब विभागातल्या निम्म्या संगणकांचं इंटरनेट गेलं, प्रिंटरही सापडेना. बाकीचे सुरळीत. एका बंद पडलेल्या संगणकावर `ipconfig` चालवलं, तर पत्ता दिसला `192.168.0.104`. आमच्या ऑफिसचे पत्ते `10.` ने सुरू होतात. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कुणी आत शिरला होता.

संगणक सुरू होताना सगळ्या नेटवर्कला हाक देतो, ‘मला पत्ता द्या’. बहुधा जे उत्तर आधी येईल तेच तो धरतो. कुणीतरी रेंज मिळावी म्हणून घरचा राऊटर आणून त्याच्या लॅन पोर्टातली केबल भिंतीत लावली होती. तोही उत्तरं देऊ लागला, आणि बाहेर जायची वाट म्हणून स्वतःकडेच बोट दाखवू लागला. त्याच्याकडे तर बाहेरची वाटच नव्हती! ज्यांच्या जुन्या पत्त्याची मुदत शिल्लक होती, तेवढे वाचले.

केबल वॅन पोर्टात असती तर असा गोंधळ झाला नसता, पण मला तीच भीती जास्त वाटते. सगळं नीट चालतं, आणि घरच्या सोप्या पासवर्डावर ऑफिसचं नेटवर्क रस्त्यापर्यंत पोचतं. रेंज कमी पडत असेल तर आम्हाला सांगा. आम्ही तिथे ऑफिसचा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवू.