हुकूम हेगचा, अंमल कुणाचा?

पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा गार होत होता. "हुकूम मोडला तर उचलून न्यायला पोलीस नाहीत, मग तो कायदा कसला?" त्याचा सवाल.

"कुलभूषण जाधवांचं प्रकरण घे," ती म्हणाली. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मुद्दा नेमका होता: व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यावं लागतं. दहा दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने करारभंग झाल्याचा निवाडा दिला. सुटका मात्र नाकारली. फेरविचार करा, एवढंच सांगितलं.

"आणि पाकिस्तानने ऐकलं?"

"सप्टेंबरात भेट दिली. २०२१ मध्ये फेरविचारासाठी कायदाही केला."

"अर्धंमुर्धंच! अमेरिकेने तेही केलं नाही. १९९९ मध्ये वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाची शिक्षा थांबवा म्हणून हेगने सांगितलं, ॲरिझोनाने त्याच दिवशी त्याला मारलं."

हा घाव वर्मी होता. पण तिने उलटा प्रश्न टाकला: "मग २००५ मध्ये अमेरिका त्या कराराच्या पूरक मसुद्यातून बाहेर का पडली? त्याच मसुद्यामुळे तिला हेगमध्ये खेचता येत होतं. जे बांधतच नाही, त्यातून कुणी सुटका करून घेतं का?"

"म्हणजे नको असेल तर बाहेर पडता येतं," तो हसला. "आपल्याला पीनल कोडमधून पडता येईल?"