जेट्टीच्या पोटातलं मीठ

कामणहून दक्षिणेला उतरलं की वसईची खाडी लागते. भरतीचं खारं पाणी इथं दिवसातून दोनदा चढतं, दोनदा ओसरतं. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्यापासून या पाण्यावर गाड्यांची आणि माणसांचीही ये-जा वाढली आहे. अशा खाडीत काँक्रीटची जेट्टी किती वर्षं तगेल, हे वरून पाहून सांगता येत नाही. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा त्यालाही कारण ठरला तो काँक्रीटच्या आत केबल्सना लागलेला गंज.

चांगल्या काँक्रीटमधली सळई सहसा गंजत नाही. सिमेंटच्या क्षारधर्मी वातावरणात तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिला राखतो. समुद्राच्या मिठातला क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत सरकतो. सळईपाशी तो पुरेसा साठला की हा थर जागोजागी फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला आतूनच तडे जातात आणि पोपडे सुटतात.

म्हणून तपासणीत मीठ कुठवर पोहोचलं, हे खोलीनुसार मोजतात. हॅमर ड्रिलने थोडं थोडं खोल जात प्रत्येक टप्प्याची भुकटी वेगळ्या पिशवीत भरतात. प्रयोगशाळेत ती नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजतात. सळईवर काँक्रीटचं कव्हर किती आहे, ते कव्हरमीटर दाखवतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या बांधकामासाठी आयएस 456 किमान 75 मिलिमीटर कव्हर मागतं.

समजा, तीस वर्षांच्या एका जेट्टीच्या तुळईला फक्त 50 मिलिमीटर कव्हर आहे. पृष्ठभागाजवळ काँक्रीटच्या वजनाच्या 0.40 टक्के क्लोराइड सापडला, तर सळईच्या खोलीवर 0.10 टक्के. हा दुसरा आकडा किरकोळ वाटतो. पण 2400 किलोच्या एका घनमीटरात सिमेंट 400 किलो धरलं, तर सिमेंटच्या वजनाशी हेच प्रमाण सहापट, म्हणजे 0.6 टक्के होतं. धोक्याची सुरुवात साधारण 0.4 टक्क्यांपासून धरतात. या सळईचं संरक्षण गेलं आहे, असंच मानावं लागतं.

त्याच जेट्टीच्या पाण्याखालच्या खांबात सिमेंटच्या वजनाच्या 0.9 टक्के क्लोराइड सापडला, तरी तिथली दुरुस्ती आधी करायची नसते. पाण्यानं भरलेल्या काँक्रीटमधून प्राणवायू फार सावकाश पोहोचतो, म्हणून गंजही मंदावतो. खरी झीज लाटांचे शिंतोडे बसणाऱ्या पट्ट्यात होते. तो भाग ओला होतो, वाळतो, मीठ मागे राहतं आणि हवाही मोकळी मिळते.

हाफ-सेल चाचणी वाचतानाही हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो. तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला, तर गंजाची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. पाण्याखाली मात्र प्राणवायूच्या अभावानेच आकडा खूप ऋण दिसू शकतो. म्हणून पाण्यावरच्या भागात हातोडीनं ठोकून पोकळ, बद्द आवाज कुठे येतो ते टिपतात, आणि दोनचार ठिकाणी काँक्रीट फोडून सळईचा व्यास प्रत्यक्ष मोजतात. ती बरीच झिजली असेल, तर आधी तुळईच्या ताकदीचा हिशेब होतो, गरज पडल्यास टेकू लावतात आणि जोड-सळई घालतात.

त्यानंतर दुरुस्तीच्या पर्यायांचा क्रम लावतात. सुटलेलं काँक्रीट काढून नवा मसाला भरणं सर्वांत स्वस्त, पण या तुळईसाठी ते यादीत शेवटी येतं. थिगळाखालची सळई सुरक्षित होते, मात्र शेजारच्या खारट काँक्रीटमधली सळई आता ॲनोड बनते आणि काही वर्षांत थिगळाच्या कडेनंच नवे तडे उमटतात. दुसऱ्या क्रमांकावर थिगळासोबत जस्ताचे ॲनोड बसवणं. सळईऐवजी जस्त झिजतं, म्हणून ते संपलं की बदलावं लागतं. खराबी मोजक्या जागी असेल, तर हाच पर्याय पहिला ठरतो.

आपल्या उदाहरणातल्या तुळईत मीठ सगळीकडे सळईपर्यंत पोहोचलं आहे. तिथं पहिला क्रमांक बाहेरून वीज देणाऱ्या कॅथोडिक संरक्षणाचा. त्यात काँक्रीट मिठासकट तसंच राहू शकतं. फक्त सुटलेला भाग दुरुस्त करायचा. टायटॅनियमच्या जाळीतून सळईकडे सतत थोडा प्रवाह सोडतात. अट एकच, वीज आणि देखरेख दोन्ही अखंड हवीत. केबल तुटली किंवा रेक्टिफायर बंद पडून कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर हा खर्च वाया जातो.

यंत्रणा काम करते आहे का, याचीही चाचणी असते. प्रवाह बंद करून सळईचं विभव किती सरकतं ते पाहतात. चोवीस तासांत किमान 100 मिलिव्होल्टचा फरक पडला, तर संरक्षण पुरेसं मिळतं आहे असं मानतात. त्याहून कमी पडला, तर प्रवाह वाढवून तोच भाग पुन्हा मोजतात.