टवाळी गाळली, आक्षेप ठेवले

सप्टेंबर १८१८ च्या अखेरीस लंडनमध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा एक रेंगाळलेला अंक बाहेर पडला. अंकावर महिना होता एप्रिलचा. त्यात जॉन कीट्स या बावीस वर्षांच्या कवीच्या ‘एन्डिमियन’ या दीर्घकाव्यावर चार-पाच पानांचे परीक्षण होते. खाली नाव नव्हते, कारण त्या काळी परीक्षणे निनावीच छापली जात. हे लिहिणारा होता जॉन विल्सन क्रोकर, इंग्लंडच्या नौदल खात्याचा सचिव.

सुरुवातच चटकदार होती. परीक्षणकार पुस्तके न वाचताच लिहितात असा आरोप लोक करतात, तेव्हा आपण आधीच कबुली देतो की हे पुस्तक आपण वाचलेले नाही, असे क्रोकरने सांगून टाकले. प्रयत्न मात्र जिवापाड केला, पण काव्याच्या चार सर्गांपैकी पहिल्याच्या पुढे पाऊल पडले नाही! कीट्स हे खरे नाव असेल का, अशीही शंका त्याने घेतली, कारण शुद्धीवर असलेला माणूस असल्या लिखाणाला स्वतःचे नाव कशाला देईल? शेवटी त्याने वाचकांना विनंती केली, की कोणाला यात अर्थ सापडलाच तर आम्हाला जरूर कळवावे.

या परीक्षणाने कीट्सचा जीव घेतला अशी आख्यायिका पुढे पसरली. शेलीने ती मनावर घेतली आणि बायरनने तिची थट्टा केली. प्रत्यक्षात कीट्स १८२१ च्या फेब्रुवारीत रोममध्ये क्षयाने गेला. आख्यायिकेच्या धुरळ्यात एक गोष्ट मात्र झाकली गेली: क्रोकरचे परीक्षण खवचट होते, पोकळ नव्हते. टवाळीच्या खाली चांगले अर्धा डझन आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही आजही कोणी जाणता वाचक मान्य करील. म्हणूनच खवचट परीक्षणाचे गंभीर समीक्षेत रूपांतर करताना नेमके काय करावे लागते, हे पाहायला याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

पहिले काम कात्रीचे. ज्या वाक्यांचा विषय पुस्तक नसून कवी किंवा खुद्द परीक्षणकार आहे, त्या प्रत्येकाशी थांबून एकच विचारायचे: यात पुस्तकाबद्दल काही म्हटले आहे का? नावावरच्या शंकेत काहीच म्हटलेले नाही, ती सरळ जाते. त्याच सुमारास ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाने कीट्सला कविता सोडून पुन्हा औषधांच्या दुकानात जाण्याचा सल्ला दिला होता. कीट्स औषधे बनवण्याचे शिक्षण घेतलेला, म्हणून हा टोमणा. त्याखालीही साहित्याचा काही मुद्दा निघत नाही. पण कात्री फार जोरात चालवली तर घोटाळा होतो. क्रोकर कीट्सला ‘कॉकनी’ कवींच्या कंपूतला, ली हंटचा भाबडा चेला म्हणतो. ‘कॉकनी’ ही जातपात काढण्यासारखी शिवी आहे, ती टाकावी. ‘हंटचा चेला’ यात मात्र ऐवज आहे. दोन ओळींच्या जोडीत वाक्य न मिटवता ते पुढच्या ओळीत सांडू देणारी सैल रचना आणि लाडिक शब्दांचा सोस कीट्सने हंटकडून उचलला, हे खरेच होते. तेव्हा हा आक्षेप ‘चेला’ हा शब्द गाळून असा लिहिता येईल: ‘या रचनेवर हंट यांची छाप ठळक आहे, आणि तिने कवीला सामर्थ्यापेक्षा सवयीच अधिक दिल्या आहेत.’ यात दंश कमी नाही, फक्त तो कवीच्या ओळखीपाळखीला न होता ओळींना होतो.

यानंतर प्रस्तावनेचा मुद्दा येतो. कीट्सने स्वतःच लिहिले होते की वाचकाला यात अनुभवाची उणीव आणि कच्चेपणा लगेच दिसेल. पहिले दोन सर्ग छापण्याइतके पुरे झालेले नाहीत आणि शेवटचे दोनही नाहीत, असेही त्याने कबूल केले होते. क्रोकरने त्यावर शाळकरी बेरीज मांडली: दोन आणि दोन चार, आणि पुस्तकात सर्गही चारच, म्हणजे कवीनेच सगळे पुस्तक नापास केले. वाचताना हसू येते हे मान्य केले पाहिजे. त्या हशाखाली रास्त प्रश्न आहे. लेखकालाच जे अपुरे वाटते ते त्याने वाचकापुढे का ठेवावे, आणि आधी दिलेल्या कबुलीने दोष हलके होतात का? गंभीर समीक्षक हा प्रश्न तसाच विचारील. फक्त तो कबुलीला लबाडी समजणार नाही आणि ती कवीवर उलटवणारही नाही. ‘कवीने दोष मोकळेपणाने सांगितले आहेत. पण चार हजारांवर ओळी वाचणाऱ्याला त्या सांगण्याने काही भरपाई मिळत नाही’ एवढे लिहिले की आक्षेप पुरता येतो.

क्रोकरचा सर्वांत धारदार आक्षेप यमकाचा आहे. त्याच्या मते कीट्स एक ओळ कशीबशी लिहितो, आणि पुढच्या ओळीत आधीच्या विचाराचा माग न काढता त्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला जुळणाऱ्या शब्दामागे जातो. दिलेल्या यमकांवर ओळी रचण्याचा एक बैठा खेळ तेव्हा लोकप्रिय होता, हे काव्य म्हणजे तोच खेळ, असे तो म्हणतो. पुरावाही देतो. काव्याच्या सुरुवातीला मनाला उभारी देणाऱ्या सुंदर गोष्टींची यादी आहे. तिच्यात चंद्र येतो, आणि इंग्रजीतल्या ‘मून’ला जुळणारा ‘बून’ हवा म्हणून झाडे मेंढरांना सावलीचे वरदान देऊ लागतात. पुढे रानगुलाबाच्या फुलांना, म्हणजे ‘ब्लूम्स’ला, जुळणारे ‘डूम्स’ येते आणि त्यासोबत थोर मृतांच्या भवितव्याची भव्यताही. कल्पना आणली अर्थाने की आवाजाने, असा हा प्रश्न आहे.

याचे रूपांतर करताना उदाहरणे ठेवायची आणि खेळाचा टोमणा काढायचा, एवढे पुरत नाही. आरोप ‘नेहमी’ असा आहे आणि पुरावा दोन जागांचा, ही फट बुजवावी लागते. एक शक्य मसुदा असा: ‘कवीची कल्पना चपळ आहे, पण पहिल्या सर्गात अनेकदा यमक तिला वाट दाखवते. आरंभीच्या यादीत चंद्रानंतर मेंढरांची सावली येते, तिचा चंद्राशी नादाखेरीज दुसरा संबंध दिसत नाही. फुलांनंतर थोर मृतांचा उल्लेख येतो, तिथे मात्र नादाने आणलेली कल्पना यादीला खोली देते. पहिल्यासारख्या जागा अधिक आहेत, आणि त्यांच्यामुळे वाचकाचा धागा सुटतो.’ आक्षेप इथे जराही कमी झालेला नाही. उलट तो तपासता येईल असा झाला आहे, कारण वाचक पान उघडून पडताळा घेऊ शकतो. टवाळीत ही सोय नसते, तिथे वाचकाने हसायचे आणि पुढे जायचे.

छंदाबद्दल क्रोकर काही ओळी नुसत्या मांडतो आणि त्या मोजून दाखवा असे आव्हान देतो. गंभीर समीक्षकाला आधी मापदंड सांगावा लागतो. पोपच्या काठीव, जोडीजोडीने मिटणाऱ्या ओळी हे माप धरले तर कीट्सच्या बहुतेक ओळी चुकीच्याच ठरतील, पण त्याने ते माप जाणूनबुजून सोडले होते. तेव्हा आक्षेपाचे दोन तुकडे करणे भाग आहे. कवीने मोकळेपणा मुद्दाम घेतला त्या ओळी वेगळ्या, आणि मोकळेपणाच्या नावाखाली ओळ लंगडी पडली त्या वेगळ्या. दुसऱ्या गटावर आक्षेप पूर्ण जोराने ठेवावा.

नव्या शब्दांवर क्रोकरने जी झोड उठवली तिथे तपासणीने निकालच बदलतो. नामांची क्रियापदे केलेली, क्रियापदांना उगाच उपसर्ग जोडलेले, क्रियाविशेषणे मनाला येतील तशी घडवलेली, अशी लांबलचक यादी तो देतो. त्यात गरजेच्या सामानासाठी वापरलेला ‘नीडमेंट्स’ हा शब्दही आहे. पण तो कीट्सचा नाहीच, सोळाव्या शतकातल्या स्पेन्सरने तो वापरलेला आहे. ‘पॅशन’चे क्रियापद शेक्सपिअरनेही केले होते. आक्षेप टिकवायचा म्हणजे चुकीचा तपशीलही टिकवायचा असे नाही. हे शब्द यादीतून काढले तरी उरलेली यादी मुद्द्याला पुरेशी आहे, आणि मुद्दा स्वच्छ होतो: नवे शब्द इतके दाट पेरले आहेत की एकाचीही नवलाई उरत नाही.

एक जागा मात्र सूर बदलून सुधारत नाही. चारपैकी तीन सर्ग न वाचता संपूर्ण काव्याचा निवाडा देणे हा दोष भाषेचा नाही. ‘कथेचा पत्ता लागत नाही’ ही तक्रार आदराने लिहायची तर एकतर उरलेले तीन सर्ग वाचावेत, नाहीतर तक्रार पहिल्या सर्गापुरती आखावी. तेवढीही ती उभी राहते. जवळजवळ हजार ओळींच्या त्या सर्गात पॅन देवाचा उत्सव होतो, नायक खिन्न होतो, बहीण त्याला बाजूला नेते आणि तो तिला आपले स्वप्न सांगतो. घडते ते एवढेच. ‘हजार ओळींत कथा एका स्वप्नाच्या आठवणीपर्यंतच पोचते’ हे वाक्य क्रोकरच्या सगळ्या विनोदांपेक्षा जिव्हारी लागेल.

उलट बाजूचा धोकाही तितकाच असतो. टवाळी काढताना माणूस आक्षेपाभोवती ‘काहीसे’, ‘कदाचित’, ‘क्वचित’ अशा शब्दांचा कापूस गुंडाळू लागतो, आणि आक्षेप दोन कौतुकांच्या मध्ये दडपतो. हे झाले की नाही ते ओळखायला सोपी परीक्षा आहे. मूळ परीक्षण आणि नवा मसुदा, दोन्हींतले आक्षेप वेगवेगळ्या कागदांवर उतरवावेत, शक्यतो मूळ पुस्तक न वाचलेल्या तिसऱ्या माणसाकडून. दुसऱ्या कागदावर एखादा कमी भरला तर समीक्षकाने आदराच्या नावाखाली तो गिळला आहे.

असे रूपांतर नुसते कागदी नाही, हे दोन वर्षांत दिसून आले. ऑगस्ट १८२० मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’चा संपादक फ्रान्सिस जेफ्री याने कीट्सवर लिहिले. तोही कडक परीक्षणांसाठी प्रसिद्ध होता. अतिरेक, दुर्बोधता, नावीन्याची घाई, सगळे दोष त्याने नोंदवले. यमकासाठी हाताला लागेल तो शब्द घ्यायचा आणि त्यातूनच नव्या प्रतिमांचा झुबका फुलवायचा, हे क्रोकरचे निदानही त्याच्याकडे जवळजवळ जसेच्या तसे आहे. पुस्तकाला टाकाऊ ठरवू पाहणाऱ्याला हवे तितके मासले इथे मिळतील, हेही त्याने आधीच सांगून टाकले. पण ही कविता फ्लेचर आणि बेन जॉन्सन यांच्या जुन्या ग्रामीण नाटकांच्या वळणाची आहे हे त्याने वाचकाला सांगितले, आणि त्या वळणाच्या मापानेच ती मोजली.

कीट्सला टोमण्यांनी किती लागले हे पुष्कळांनी सांगितले आहे. प्रामाणिक आक्षेपाला त्याने काय उत्तर दिले हे कमी सांगितले जाते. ‘क्वार्टर्ली’चा अंक निघाल्यावर ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये ‘जे. एस.’ अशा आद्याक्षरांनी एक पत्र छापून आले. त्यात कीट्सची बाजू घेतली होती, तरी काव्यातली घाई आणि ढिलाईही झाकलेली नव्हती. ८ ऑक्टोबर १८१८ रोजी कीट्सने आपला प्रकाशक हेसी याला लिहिले, की ‘एन्डिमियन’च्या गबाळेपणाबद्दल जे. एस. यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, आणि आपण स्वतःवर जी टीका करतो तिने ‘ब्लॅकवुड्स’ किंवा ‘क्वार्टर्ली’पेक्षा कितीतरी जास्त वेदना दिल्या आहेत. पुढच्या वर्षी तो ‘लामिया’ लिहायला बसला. त्यासाठी त्याने ड्रायडनचा अभ्यास केला, आणि त्यातल्या जोडओळी ‘एन्डिमियन’पेक्षा पुष्कळ घट्ट आहेत.