फाइल गेली, पण पोचली का?

एका पतसंस्थेच्या शाखांमध्ये वीजबिले भरली जातात. ग्राहक पावती घेऊन घरी जातो, पण त्याचे पैसे वीज कंपनीच्या हिशेबात चढतात रात्री. समजा, एका दिवसात ४१,२०० बिले भरली गेली. रात्री अकराला पतसंस्थेचा संगणक त्यांची एक फाइल तयार करतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो.

ती जाते एसएफटीपीने. या मार्गाचा पाया असलेली एसएसएच ही पद्धत १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी घडवली, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते. वाटेत कुणी डोकावले तरी त्याला काही वाचता येत नाही. मात्र ३०,००० नोंदी गेल्यावर लाइन तुटली, तर पलीकडे अर्धी फाइल पडून राहते. कंपनीचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी फोल्डर तपासतो. तो तीच पूर्ण समजून उचलतो आणि बिल भरलेले ११,२०० ग्राहक थकबाकीदार दिसू लागतात.

म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवतात आणि पूर्ण गेल्यावरच खरे नाव देतात:

```
put bharna_0310.csv bharna_0310.csv.part
rename bharna_0310.csv.part bharna_0310.csv
```

`.part` ने संपणाऱ्या फाइलला हात लावायचा नाही, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेले असते.

फाइल जशीच्या तशी पोचली का, हे चेकसम सांगतो. `sha256sum` ही आज्ञा फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून ६४ अक्षरी ठसा काढते. एक अंक जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. पतसंस्था हा ठसा सोबत पाठवते, कंपनी आपल्याकडच्या फाइलचा ठसा काढून जुळवते. मध्येच कुणी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तरी ठसा बहुधा बिघडतो. पण डिस्क भरल्यामुळे फाइल मुळातच अपुरी तयार झाली असेल, तर अपुऱ्या फाइलचा ठसाही बिनचूक जुळतो! ही चूक पकडायला फाइलच्या शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम लागते, आणि ते आकडे पतसंस्थेच्या रोजच्या हिशेबातून वेगळे काढलेले हवेत.

उरली पोच. अपलोड यशस्वी झाले याचा अर्थ फाइल तिकडच्या डिस्कवर उतरली, एवढाच. नोंदी खात्यांवर चढल्यावर कंपनीने परतीच्या फोल्डरमध्ये छोटी फाइल ठेवावी लागते: मूळ फाइलचे नाव, ठसा, स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्या नोंदी. पहाटे दोनपर्यंत ती आली नाही, तर पतसंस्थेच्या ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. त्याने घाईने फाइल पुन्हा पाठवली आणि पहिलीही चढलेली निघाली, तर पैसे दोनदा जमा होतील. त्यासाठी प्रत्येक भरण्याला स्वतंत्र क्रमांक असावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर कंपनीच्या प्रोग्रामने तो नाकारावा. भागीदाराशी करार करताना ही अट लेखी घालून घ्या.