जिम पुण्यात, मी बेंगळुरूत, हप्ता चालू

पुणं सोडताना वायफायचा राउटर परत केला, दूधवाल्याचा हिशेब चुकता केला, गॅसची नोंदणी बदलून घेतली. जिममध्ये मात्र दोनच मिनिटं थांबलो. "बेंगळुरूला चाललोय, मेंबरशिप बंद करायचीय," म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, बंद कशाला करताय? फ्रीझ करून ठेवा ना. परत आलात तर जॉइनिंग फी पडणार नाही." तिने पुढे केलेल्या टॅबवर बोटाने सही केली आणि खाली उभ्या टेम्पोकडे पळालो. तेव्हा जानेवारी संपत आला होता. जूनमध्ये बँकेचं स्टेटमेंट चाळताना दिसलं, एप्रिल, मे आणि जून, दर महिन्याच्या १ तारखेला १,८०० रुपये गेले होते.

जिमची तशी चूक नव्हती, हेच जास्त झोंबलं. टॅबवर लिहिलं होतं, फ्रीझ ६० दिवसांचं. फ्रीझ म्हणजे करार जिवंत ठेवून नुसतं घड्याळ थांबवणं. वर्षाचे पैसे आधी भरलेले असतील तर थांबलेले दिवस शेवटी जोडून मिळतात. माझ्यासारखा महिन्याचा ऑटोपे असेल तर तेवढे दिवस हप्ता थांबतो आणि मुदत संपली की आपोआप सुरू होतो. पुन्हा कोणी विचारत नाही. ज्याचा पाय मुरगळलाय किंवा ज्याच्या घरी लग्न आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम. गाव सोडणाऱ्याच्या ती काय कामाची?

बरं, सूचना आली नव्हती असंही नाही. अशा ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिन्ही वेळा मेसेज आला होता. जिमचं नाव दिसलं की ऑफर असणार, असं समजून मी तो उघडलाच नाही.

रागाच्या भरात आधी यूपीआय ॲप उघडलं. ऑटोपेच्या यादीत जिमचं नाव होतं आणि त्याखाली दोन पर्याय, Pause आणि Revoke. Pause म्हणजे पुन्हा तेच फ्रीझ, फक्त बँकेच्या बाजूचं. Revoke दाबलं, पिन टाकला, विषय संपला असं वाटलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिमचा मेसेज आला: १,८०० थकबाकी, उशिराचा दंड वेगळा.

इथे गाठी दोन असतात, हे मला तेव्हा उमगलं. एक गाठ जिमशी केलेल्या कराराची, दुसरी बँकेला दिलेल्या परवानगीची. परवानगी काढून घेतली की पैसे जायचे थांबतात, पण करार चालूच राहतो आणि येणं वाढत जातं. माझ्या फॉर्मवर ३० दिवसांची लेखी नोटीस लागेल असं कलम होतं. काउंटरवर तोंडी बोललेल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून आधी ईमेल, मग Revoke, हा क्रम. ईमेलमध्ये मेंबरशिप क्रमांक, नोंदवलेला मोबाइल, शेवटचा दिवस आणि एक स्पष्ट वाक्य: "फ्रीझ नको, मेंबरशिप रद्द करा आणि रद्द झाल्याचं लेखी कळवा." ते उत्तर हातात येईपर्यंत ती रद्द झाली असं धरू नये.

वर्षाचं पॅकेज ईएमआयवर घेतलं असेल तर प्रकरण याहून वाईट. तिथे कर्ज देणाऱ्या कंपनीने जिमला पैसे कधीच देऊन टाकलेले असतात. जिम सोडली तरी हप्ता त्या कंपनीचा, आणि तो थांबवला तर क्रेडिट स्कोअर आपला बिघडतो. तिथे जिमकडून कर्ज रद्द करवून घ्यावं लागतं आणि कंपनीकडून 'काही देणं नाही' असं पत्रही.

मी ईमेल पाठवला. उत्तर आलं, "ब्रँचला येऊन फॉर्म भरा." सभासद करून घेताना ॲपवर दोन टिचक्या पुरल्या होत्या, सोडायला मात्र आठशेहून जास्त किलोमीटर! रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवण्याला केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलंय. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिमला दुसऱ्या ईमेलमध्ये तक्रारीचा क्रमांक कळवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो त्या शहरात, म्हणजे बेंगळुरूतच, जिल्हा आयोगाकडे जाता येतं, हेही लिहिलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. जुलैची थकबाकी आणि दंड माफ, मेंबरशिप रद्द, एका महिन्याचे १,८०० परत. उरलेले ३,६०० मी सोडून दिले. सही माझीच होती. त्याच ईमेलच्या शेवटी एक ओळ होती: पुण्यात परत येणार असाल तर फ्रीझची सोय उपलब्ध आहे.