सोळाव्या वर्षी क्रिएटिन घ्यावं का?

वेटलिफ्टिंग करणारा सोळा वर्षांचा मुलगा क्रिएटिनचा डबा मागतो, तेव्हा आईवडिलांना तो स्टेरॉइडचाच प्रकार वाटतो. तसं नाही. क्रिएटिन आपल्या शरीरातच तयार होतं, मटण-मासळीतूनही मिळतं आणि स्पर्धांत त्यावर बंदी नाही. स्नॅचसारख्या काही सेकंदांच्या जोरात स्नायूंना झटपट ऊर्जा परत मिळवून द्यायची, हे त्याचं काम.

मग अडचण कुठे? त्याच्या सुरक्षिततेचा बहुतेक अभ्यास प्रौढांवर झालाय. वाढत्या वयातल्या दीर्घकालीन परिणामांची माहिती तोकडी आहे. म्हणूनच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना अठराखालच्या मुलांना ते घेऊ नका असं सांगते. क्रीडापोषणातले काही तज्ज्ञ थोडी सूट देतात. पण मुलगा गंभीरपणे स्पर्धा खेळत असेल, आहार चोख असेल आणि पालक व डॉक्टरांचं लक्ष असेल, तरच.

आणखी दोन गोष्टी. क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठतं आणि पहिल्याच आठवड्यात वजन किलोभर वाढू शकतं. वजनगटाच्या काठावरचा खेळाडू त्यामुळे बाद होऊ शकतो. शिवाय रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसून मूत्रपिंड बिघडल्याची खोटी शंका येते, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर विषयच संपला.

सगळ्यात मोठा धोका भेसळीचा. डब्यात बंदी असलेलं द्रव्य मिसळलेलं निघालं, तर डोपिंगची शिक्षा खेळाडूलाच होते.

माझं मत स्पष्ट आहे: अठरा होईपर्यंत दूध, अंडी, डाळी, पुरेशी झोप आणि चांगला प्रशिक्षक एवढ्यावरच भर द्या.